एचआयव्ही प्रतिबंधक औषधोपचार: संपर्कपूर्व आणि संपर्कोत्तर

एचआयव्हीची लागण न झालेल्या व्यक्तीला ती होऊ नये म्हणून विषाणुरोधक औषधे देण्याच्या दोन पद्धती आहेत. विषाणूशी संपर्क येण्याआधीपासून औषधे घेण्याला संपर्कपूर्व प्रतिबंधक उपचार किंवा प्रेप म्हणतात. संपर्क घडून गेल्यानंतर तातडीने सुरू करून २८ दिवस घेतल्या जाणाऱ्या औषधांना संपर्कोत्तर प्रतिबंधक उपचार किंवा पेप म्हणतात. दोन्ही उपचार लस नव्हेत. औषध शरीरात पुरेशा प्रमाणात असेपर्यंतच संरक्षण मिळते. एचआयव्हीची लागण आधीच झाली असेल, तर यांपैकी कोणताही उपचार तिच्यासाठी पुरेसा ठरत नाही.

## कार्यपद्धती

एचआयव्ही त्वचेतून किंवा श्लेष्मल पटलातून आत शिरल्यावर प्रथम त्या जागेतील पेशींमध्ये वाढतो, नंतर जवळच्या लसिकाग्रंथींत पोहोचतो आणि काही दिवसांनी रक्तात पसरतो. विषाणूचा जनुकीय आराखडा पेशीच्या जनुकांत कायमचा मिसळला की लागण पक्की होते आणि उपलब्ध औषधांनी ती पुसता येत नाही. पेपचा हेतू त्यापूर्वीच विषाणूची वाढ रोखणे हा असतो. त्यामुळे पेपची पहिली मात्रा शक्यतो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत घ्यावी लागते. त्यानंतर पेप सुरू केला जात नाही.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची तुलना करण्यात आली. झिडोव्ह्युडीन घेतलेल्यांमध्ये लागणीची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी कमी आढळली. माकडांवरील प्रयोगांत उपचार उशिरा सुरू केल्यास किंवा २८ दिवसांपूर्वी थांबवल्यास संरक्षण घटल्याचे दिसले. औषधाचा कालावधी २८ दिवसांचा ठरण्यामागे मुख्यतः हे निष्कर्ष आहेत.

## पेप कोणाला दिला जातो

पेप द्यायचा की नाही हे तीन गोष्टींवर ठरते: कोणता द्रव होता, तो शरीराच्या कोणत्या भागाला लागला आणि किती वेळ झाला. रक्त, वीर्य, योनिस्राव तसेच मेंदूभोवतीचा, फुप्फुसाभोवतीचा किंवा गर्भाभोवतीचा द्रव यांतून लागण होऊ शकते. घाम, अश्रू, लाळ, मूत्र आणि विष्ठा यांत रक्त दिसत नसेल तर त्यांपासून धोका मानला जात नाही. अखंड त्वचेवर रक्त सांडल्यास पेप लागत नाही. सुई टोचणे, कापणे, रक्त डोळ्यांत किंवा तोंडात उडणे, निरोध न वापरता किंवा निरोध फाटून झालेला लैंगिक संबंध, लैंगिक अत्याचार आणि एकच सुई अनेकांनी वापरणे या घटनांत पेपचा विचार होतो.

एचआयव्हीबाधित रुग्णाला टोचलेली सुई आरोग्य कर्मचाऱ्याला टोचल्यास उपचाराविना लागण होण्याची सरासरी शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. डोळ्यांत किंवा तोंडात रक्त उडाल्यास ती सुमारे ०.०९ टक्के असते. जखम खोल असेल, सुई पोकळ असेल व तिच्यावर रक्त दिसत असेल, किंवा रुग्णाच्या रक्तात विषाणूंची संख्या मोठी असेल, तर धोका वाढतो.

भारतात २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायद्यानुसार, कामामुळे एचआयव्हीशी संपर्क येण्याची शक्यता असलेल्या कर्मचाऱ्यांना पेप उपलब्ध करून देणे हे आरोग्यसेवा देणाऱ्या आस्थापनेचे कर्तव्य आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही चाचणीसाठी माहितीपूर्ण संमती आणि निकालाची गोपनीयता ही बंधनेही त्यात आहेत. ज्या रुग्णाचे रक्त लागले त्याची चाचणीही त्याच्या संमतीनेच करता येते.

## पेपमधील औषधे

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडीन ३०० मिलिग्रॅम आणि डॉल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम यांची एकत्रित गोळी दिवसातून एकदा दिली जाते. बोलीभाषेत तिला टीएलडी म्हणतात. ही औषधे विषाणूच्या वाढीतील दोन वेगळ्या पायऱ्या अडवतात. टेनोफोव्हिर व लॅमिव्ह्युडीन विषाणूच्या आरएनएपासून डीएनए तयार होऊ देत नाहीत, तर डॉल्युटेग्राव्हिर तो डीएनए पेशीच्या जनुकांत मिसळू देत नाही.

गोळी सुरू करताना रुग्ण घेत असलेली इतर औषधे विचारणे आवश्यक असते. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली आम्लपित्ताची औषधे डॉल्युटेग्राव्हिरचे शोषण कमी करतात. म्हणून ही गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घेतात. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असल्यास डॉल्युटेग्राव्हिरची ५० मिलिग्रॅमची जादा मात्रा बारा तासांनी द्यावी लागते. मधुमेहातील मेटफॉर्मिनचे रक्तातील प्रमाण वाढते, त्यामुळे त्याची मात्रा मर्यादित ठेवतात. मळमळ, डोकेदुखी आणि झोप न लागणे हे नेहमीचे त्रास असून त्यांसाठी औषध स्वतःहून बंद करणे योग्य नसते.

## उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. ३ मार्च रोजी रात्री ११ वाजता एका परिचारिकेला रक्त काढून झाल्यावर पोकळ सुई बोटात टोचली. रुग्णाची एचआयव्ही स्थिती माहीत नव्हती. तिने जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुतली. बोट पिळणे, चोखणे किंवा त्यावर ब्लीच ओतणे टाळावयाचे असते, कारण त्यामुळे ऊतींना इजा होते आणि फायदा होत नाही. कामावरील डॉक्टरांनी घटनेची नोंद केली आणि आपत्कालीन साठ्यातील टीएलडीची पहिली गोळी रात्री १२ पूर्वी दिली. चाचण्यांचे निकाल येण्याची वाट पाहिली गेली नाही.

त्याच वेळी तिची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी यांची चाचणी आणि रक्तातील क्रिएटिनीनची तपासणी झाली. हा आधाररेषेचा निकाल घटनेपूर्वीची स्थिती सांगतो. तो नकारात्मक असेल तरच पुढे आलेला सकारात्मक निकाल या घटनेशी जोडता येतो. दुसऱ्या दिवशी संमतीने केलेली रुग्णाची चाचणी नकारात्मक आली असती आणि त्याला अलीकडे लागण झाल्याची शंका नसती, तर औषध थांबवता आले असते. येथे ती सकारात्मक आली, म्हणून तिला एआरटी केंद्राकडे पाठवून उपचार पूर्ण २८ दिवस चालू ठेवण्यात आला. ३ मार्चची गोळी धरून शेवटची गोळी ३० मार्चला आली.

दोन आठवड्यांनी तिचे त्रास, चुकलेल्या गोळ्या आणि क्रिएटिनीन पाहिले गेले. डॉल्युटेग्राव्हिरमुळे क्रिएटिनीन किंचित वाढते, पण त्यामागे मूत्रपिंडाची हानी असतेच असे नाही. पुढील एचआयव्ही चाचण्या सहा आठवड्यांनी १४ एप्रिलला, तीन महिन्यांनी ३ जूनला आणि सहा महिन्यांनी ३ सप्टेंबरला ठरल्या. या काळात निरोध वापरणे व रक्तदान टाळणे तिला सांगण्यात आले. ताप, घसा दुखणे, अंगावर पुरळ किंवा गाठी सुजणे अशी लक्षणे एकत्र दिसल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता चाचणी करावयाची होती.

## पाठपुरावा चाचण्यांमागील कारण

लागण झाल्याच्या दिवशी कोणतीही चाचणी ती दाखवू शकत नाही. विषाणूचा आरएनए साधारण १० दिवसांनी आणि त्याचे पी२४ प्रतिजन सुमारे दोन आठवड्यांनी रक्तात सापडते. प्रतिपिंडे सहसा तीन ते बारा आठवड्यांत सापडतात. विषाणुरोधक औषधे चालू असताना विषाणूची संख्या कमी राहते आणि प्रतिपिंडे तयार होण्यास उशीर होऊ शकतो. म्हणूनच २८ व्या दिवशीचा नकारात्मक निकाल अंतिम मानला जात नाही. औषध संपल्यानंतर पुरेसा काळ गेल्यावर केलेली चाचणीच निर्णायक असते.

हिपॅटायटिस बी असलेल्या व्यक्तीत टेनोफोव्हिर व लॅमिव्ह्युडीन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. ती थांबवल्यावर यकृताचा आजार अचानक उफाळू शकतो. अशा व्यक्तीने उपचार संपताना यकृततज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक असते.

## प्रेप

वारंवार पेपची गरज भासणे हे प्रेपसाठीचे एक स्पष्ट कारण मानले जाते. याखेरीज जोडीदार एचआयव्हीबाधित असून त्याच्या रक्तातील विषाणू अद्याप दबलेला नसणे, निरोधाविना अनेक जोडीदारांशी संबंध, नुकताच झालेला लैंगिक आजार आणि सामायिक सुया ही कारणे आहेत. बाधित जोडीदार नियमित उपचार घेत असेल आणि त्याच्या रक्तात विषाणू आढळत नसेल, तर त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. त्यामुळे केवळ त्या कारणासाठी प्रेपची गरज नसते.

प्रेपसाठी टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम व एमट्रिसिटाबीन २०० मिलिग्रॅम यांची गोळी रोज घेतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१२ मध्ये तिला प्रेपसाठी मान्यता दिली. स्त्रियांमध्ये पूर्ण संरक्षणासाठी आधी सात दिवस रोज गोळी घ्यावी लागते. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी प्रसंगानुरूप पद्धतही आहे. संबंधापूर्वी २ ते २४ तास दोन गोळ्या, त्यानंतर २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी एक. शनिवारी रात्री १० वाजता संबंध अपेक्षित असेल, तर दोन गोळ्या उशिरात उशिरा ८ वाजता आणि पुढील एकेक गोळी रविवारी व सोमवारी रात्री ८ वाजता घ्यावयाची असते. स्त्रियांसाठी आणि हिपॅटायटिस बी असलेल्यांसाठी ही पद्धत वापरत नाहीत.

दर आठ आठवड्यांनी दिले जाणारे कॅबोटेग्राव्हिर आणि दर सहा महिन्यांनी दिले जाणारे लेनाकॅपाव्हिर ही इंजेक्शने अलीकडे उपलब्ध झाली आहेत. त्यांना अमेरिकेत अनुक्रमे डिसेंबर २०२१ आणि जून २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

## प्रेपमधील तपासण्या व मर्यादा

प्रेप सुरू करण्यापूर्वी एचआयव्ही चाचणी नकारात्मक असणे अनिवार्य आहे. लागण असतानाही दोनच औषधे चालू राहिल्यास विषाणूत प्रतिरोध निर्माण होतो आणि पुढील उपचारांचे पर्याय घटतात. गेल्या ७२ तासांत धोकादायक संपर्क झाला असेल, तर प्रेपऐवजी प्रथम पेप देतात. पेप संपल्यावर चाचणी नकारात्मक असल्यास खंड न पाडता प्रेप सुरू करता येते. गोळ्यांचे प्रेप घेताना एका महिन्यानंतर आणि पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्ही चाचणी होते. त्याबरोबर उपदंश, परमा व क्लॅमिडिया यांची तपासणी केली जाते, कारण या आजारांपासून आणि गर्भधारणेपासून प्रेप संरक्षण देत नाही. मूत्रपिंडाचे कार्य बिघडलेल्यांना टेनोफोव्हिरची ही गोळी देत नाहीत.

प्रेप अपयशी ठरण्याचे सर्वांत सामान्य कारण गोळ्या न घेणे हे आहे. आफ्रिकेतील स्त्रियांवर झालेल्या फेम-प्रेप आणि व्हॉइस या चाचण्यांत गोळ्यांचा परिणाम दिसला नाही. रक्त तपासले असता बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरात औषध आढळलेच नव्हते. चुकलेल्या गोळ्यांची प्रामाणिक माहिती मिळाल्यास डॉक्टर पद्धत बदलू शकतात. भारतात याविषयी माहिती आणि जवळच्या केंद्राचा पत्ता १०९७ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांकावर मिळतो.