नेतीचा दोरा ते पिंपरीचं पेनिसिलिन

चेंबूरमध्ये हिवाळ्यात धुरकं खाली उतरलं की सर्दी लांबते. गाल जड होतात, वाकलं की कपाळात ठणका बसतो आणि नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येतो. त्यावर घरात तीन उपाय निघतात : वाफारा, मिठाचं पाणी आणि अँटिबायोटिक. तिघांचे उगम वेगवेगळे आहेत, आणि ते पाहिले की कुणाकडून काय अपेक्षा ठेवावी हेही कळतं.

पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेत नेती आहे, पण तिथे पाणी नाही. वीतभर लांबीचा स्निग्ध दोरा नाकातून घालून तोंडातून काढायचा, अशी ती क्रिया आहे. पाण्याचा उल्लेख नंतरच्या घेरंडसंहितेत कपालभातीच्या प्रकारांत येतो : नाकाने पाणी ओढून तोंडाने सोडणं. विसाव्या शतकात सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट (१९१८) आणि स्वामी कुवलयानंदांचं लोणावळ्याचं कैवल्यधाम (१९२४) यांसारख्या संस्थांनी योग मठाबाहेर आणला. त्याच ओघात तोटीचं नेतीपात्र शहरी घरांत पोहोचलं.

पाण्याने काय साधतं, ते शरीररचनेतून समजतं. गालामागच्या पोकळीचं सविस्तर वर्णन इंग्लंडच्या नॅथॅनिएल हायमोरने १६५१ मध्ये केलं. या पोकळीचं तोंड तळाशी नाही, वरच्या बाजूला आहे. त्यामुळे आतला स्राव आपोआप खाली वाहून जात नाही. बारीक केसांसारख्या तंतूंना तो वर ढकलावा लागतो. सर्दीत ते तोंड सुजून बंद झालं की स्राव तुंबतो आणि चेहरा जड होतो. धुण्याचं पाणी पोकळीत फारसं शिरत नाही. ते नाकातला चिकट स्राव आणि धूळ काढतं, त्यामुळे तंतूंचं काम सोपं होतं.

पाव लिटर पाण्यात जेमतेम अर्धा चहाचा चमचा सपाट मीठ, शक्यतो आयोडीन नसलेलं, आणि चिमूटभर खायचा सोडा पुरतो. नाक झोंबलं तर मीठ कमी किंवा जास्त पडलं आहे. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच हवं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नेतीपात्रात थेट नळाचं पाणी वापरलेल्या दोघांचा मेंदूत शिरणाऱ्या अमिबाने मृत्यू झाला. इमारतीच्या टाकीतल्या पाण्यालाही हाच नियम लागू आहे.

वाफाऱ्याने ऊब मिळते, नाक थोडा वेळ मोकळं वाटतं. पण २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत सायनसचा जुनाट किंवा वारंवार त्रास असलेल्यांना मिठाच्या पाण्याने थोडा फायदा झाला, वाफेने नाही. उकळत्या पातेल्याने भाजणं मात्र खरं असतं, म्हणून लहान मुलांना वाफारा देऊच नये.

आता तिसरा उपाय. १९२१ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगने सर्दी झालेली असताना स्वतःच्याच नाकातला स्राव जिवाणूंच्या बशीत टाकला, आणि आसपासचे जिवाणू विरघळले. त्यातला घटक म्हणजे लायसोझाइम. १९२८ मध्ये त्यालाच पेनिसिलिन गवसलं, आणि १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. एकेकाळी दुर्मीळ असलेलं औषध पुढे गल्लीतल्या केमिस्टकडे सहज मिळू लागलं, आणि शेंबूड पिवळा झाला की गोळी घ्यायची, अशी सवय पडली.

पण रंगावरून निदान होत नाही. हिरवट छटा आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या द्रव्याने येते. विषाणूच्या सर्दीतही ती दिसते. मोठ्यांच्या अशा सर्दींपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत सर्दींत पुढे जिवाणूंचा संसर्ग होतो. म्हणून डॉक्टर दिवस मोजतात. समजा, घाटला गावातल्या एका शिक्षिकेला सोमवारी सर्दी झाली, शुक्रवारी शेंबूड पिवळा झाला आणि पुढच्या मंगळवारपर्यंत जडपणा कमी होऊ लागला. तिला अँटिबायोटिक नको. दहा दिवस उलटूनही काहीच उतार नसेल, किंवा पाच-सहा दिवसांनी बरं वाटून पुन्हा ताप आणि चेहऱ्याचं दुखणं उसळलं, किंवा सुरुवातीलाच सलग तीन-चार दिवस १०२ फॅरनहाइट ताप, पुवासारखा स्राव आणि चेहऱ्यात वेदना असतील, तर अँटिबायोटिकचा विचार होतो. तेव्हाही सौम्य त्रासात डॉक्टर काही दिवस वाट पाहू शकतात. द्यायचंच ठरलं तर पहिली पसंती बहुधा अमॉक्सिसिलिनची, एकटं किंवा क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासह. तीन दिवसांची ॲझिथ्रोमायसिन इथे चांगली निवड नाही, कारण सायनसचे नेहमीचे जिवाणू तिला बरेच सरावले आहेत.

डोळा सुजणं, एकाचे दोन दिसणं, मान ताठणं किंवा असह्य डोकेदुखी असेल, तर दिवस मोजत न बसता रुग्णालय गाठावं. मधुमेहींनी गाल बधिर होणं आणि नाकातली काळी खपली ओळखावी. २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस असाच पाहिला. त्या बुरशीवर अँटिबायोटिकचा काहीच उपयोग होत नाही, आणि तिथे तासांचाही उशीर महागात पडतो.