मांडूक्यात ‘तुरीय’ कुठे आहे?

ॐ या अक्षराची एक आकृती तुम्ही नक्की पाहिली असेल. खालचा मोठा वळसा म्हणजे जागृती, मागे गेलेलं शेपूट म्हणजे स्वप्न, वरचा वळसा म्हणजे सुषुप्ती, चंद्रकोर म्हणजे माया आणि टिंब म्हणजे तुरीय. योगवर्गाच्या भिंतीवर असते, कॅलेंडरवर असते, आणि खाली बहुतेक वेळा ‘मांडूक्य उपनिषद’ असं लिहिलेलं असतं. मांडूक्य उघडून पाहा. त्यात अक्षराच्या आकाराबद्दल एक शब्दही नाही. ते उपनिषद कानाने ऐकू येणाऱ्या ध्वनीबद्दल बोलतं, कागदावरच्या वळणाबद्दल नाही.

ही चूक तर सहज सापडते. पण मी पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी जी केली ती इतकी उघड नव्हती. सादरीकरणात मी वाक्य लिहिलं होतं: “मांडूक्याच्या सातव्या मंत्रात तुरीयाचं वर्णन येतं.” समोर बसलेल्या एका वयस्क बाईंनी शांतपणे विचारलं, “सातव्या मंत्रात तुरीय हा शब्द दाखवाल का?” मी पुस्तक उघडलं. शब्द नव्हता. तिथे ‘चतुर्थ’ आहे. बाराव्या मंत्रात पुन्हा चौथ्याचा उल्लेख येतो, तिथेही ‘चतुर्थ’च. बारा मंत्रांच्या त्या अख्ख्या गद्यात ‘तुरीय’ किंवा ‘तुर्य’ एकदाही येत नाही.

मग तो शब्द माझ्या डोक्यात आला कुठून? माझ्याकडची प्रत भाष्यासह छापलेली होती. अशा प्रतींमध्ये उपनिषदाचे मंत्र आणि गौडपादांच्या कारिका एकमेकांत ओवलेल्या असतात. सहाव्या मंत्रानंतर नऊ कारिका, सातव्यानंतर नऊ, अकराव्यानंतर पाच, बाराव्यानंतर सहा. अशा एकूण २९, म्हणजे कारिकांचं पहिलं प्रकरण. ‘तुर्य’ आणि ‘तुरीय’ येतात ते सातव्या मंत्रानंतरच्या कारिकांत. मी सलग वाचत गेलो आणि दोन वेगळे ग्रंथ माझ्या टिपणात एक झाले. मध्व परंपरेत तर या २९ कारिकाही श्रुतीच मानल्या जातात, तेव्हा हा गोंधळ फक्त माझा नाही. पण परंपरेने विचारपूर्वक घेतलेली भूमिका वेगळी आणि माझं बेसावध वाचन वेगळं.

तुम्ही म्हणाल, चतुर्थ काय आणि तुरीय काय, अर्थ तोच ना? अर्थ तोच. पण इतिहास लिहायचा असेल तर शब्द कोणता हे फार महत्त्वाचं ठरतं. आधी हा ‘चौथा’ मुळात का लागला ते पाहू.

बृहदारण्यकाच्या चौथ्या अध्यायात याज्ञवल्क्य जनकाला जागृती, स्वप्न आणि गाढ झोप समजावून सांगतात. तिथे गाढ झोप हीच जवळजवळ सर्वोच्च अवस्था आहे. इच्छा नाही, भय नाही, दुसरं काही उरतच नाही. चौथ्याची गरज वाटत नाही. छांदोग्याच्या आठव्या अध्यायात मात्र इंद्र नेमकी इथेच अडतो. प्रजापती त्याला आधी प्रतिबिंबात दिसणारा, मग स्वप्नात फिरणारा आणि शेवटी गाढ झोपलेला आत्मा दाखवतो. इंद्र निघतो, पण अर्ध्या वाटेवरून परत येतो. त्याची तक्रार अशी, की झोपेत दुःख नाही हे खरं, पण तिथे ‘मी आहे’ हेही कळत नाही. हे तर नाहीसं होण्यासारखंच झालं. तोवर त्याने ३२ वर्षांच्या तीन खेपा केलेल्या असतात. प्रजापती त्याला आणखी पाच वर्षं राहायला सांगतो. एकूण १०१ वर्षं झाल्यावर त्याला शरीराच्या पलीकडल्या आत्म्याचं उत्तर मिळतं.

माझ्या मते या सगळ्या विषयातला खरा पेच इंद्राने मांडला आहे. शांतता हवी, पण शून्य नको. मांडूक्याचा सातवा मंत्र जी नकारांची मालिका उभी करतो (आत जाणणारा नाही, बाहेर जाणणारा नाही, जाणिवेचा नुसता गोळाही नाही), तिच्यातला शेवटचा नकार गाढ झोपेला उद्देशून आहे. चौथा म्हणजे आणखी गाढ झोप नव्हे, हे सांगण्यासाठी.

आता ‘तीन आणि वर एक’ हा साचा. तो अवस्थांच्या चर्चेतून जन्मलेला नाही, त्याहून जुना आहे. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात पुरुषाचा एक पाद म्हणजे सगळे प्राणी आणि तीन पाद अमृत. पहिल्या मंडलातल्या १६४व्या सूक्तात वाणीचे चार भाग आहेत, तीन गुहेत लपलेले, आणि चौथा माणसं बोलतात तो. गंमत पाहा, इथे ‘तुरीय’ हा शब्द आहे, पण तो सर्वांत उघड्या भागाला लावलेला आहे. म्हणजे शब्द मिळाला म्हणून संकल्पना मिळाली असं समजू नका.

खरा पूल बृहदारण्यकाच्या पाचव्या अध्यायात आहे. गायत्री छंदाचे पाद तीन, प्रत्येकी आठ अक्षरांचे. ऋषी प्रत्येक पादाला आठ अक्षरांचं एक त्रिकूट जोडतो. पहिलं भूमी, अंतरिक्ष आणि द्यौ. मोजून पाहा: मूळ पदं सलग म्हटली तर भू, मि, अन्, त, रि, क्षं आणि द्यौः, सातच होतात. ‘द्यौः’ हे ‘दियौः’ असं दोन अक्षरी म्हटलं की आठ भरतात. तिसऱ्या त्रिकुटात ‘व्यान’चंही ‘वियान’ करावं लागतं. तीन पाद असे मोजून झाल्यावर तो म्हणतो की गायत्रीला चौथा, ‘तुरीय’ पादही आहे, आणि तो म्हणजे वर तळपणारा सूर्य. हा चौथा पाद छंदात नाही. त्याला अक्षरं नाहीत. मोजता येणारे तीन, आणि ज्याच्यामुळे ते उभे आहेत तो न मोजता येणारा चौथा. मांडूक्यात बाराव्या मंत्रात ॐकाराचा चौथा ‘अमात्र’ म्हटलाय, तेव्हा हाच हिशेब अवस्थांना लावलेला दिसतो.

पण त्यासाठी ॐचे तीन भाग आधी हवेत. ऐतरेय ब्राह्मणात भूः, भुवः, स्वः या तीन व्याहृतींतून अकार, उकार, मकार निघतात आणि एकत्र येऊन ॐ होतो. यज्ञात प्रणव लांबवून म्हणतात, तीन मात्रांचा. तिथे मात्रा म्हणजे उच्चाराला लागणारा वेळ. प्रश्नोपनिषदाच्या पाचव्या प्रश्नात एक, दोन आणि तीन मात्रांच्या ध्यानाची फळं वेगवेगळी आहेत: मनुष्यलोक, सोमलोक, सूर्य. तिथेही मात्रा हा काळाचाच हिशेब असावा असं मला वाटतं, कारण तीच एक गोष्ट लांबत जाते. मांडूक्याचा आठवा मंत्र मात्र स्पष्ट सांगतो की मात्रा म्हणजे अ, उ आणि म्. शब्द जुनाच, पण वेळेच्या जागी आता वर्ण आले.

पुढची जोडणी पाहण्यासारखी आहे. अ म्हणजे जागृती, कारण ‘आप्ती’ किंवा ‘आदि’. उ म्हणजे स्वप्न, कारण ‘उत्कर्ष’ किंवा ‘उभय’, दोहोंच्या मधलं. म् म्हणजे गाढ झोप, कारण ‘मिती’ म्हणजे मोजणं, किंवा ‘अपीती’ म्हणजे विरून जाणं. आद्याक्षरावर चाललेला हा खेळ शेवटच्या शब्दाला फसतो. ‘अपीती’ म-ने सुरू होत नाही. इथे रचनाकाराने अक्षर सोडून उच्चार धरलाय. ओठ मिटतात, आणि आधीचे दोन्ही स्वर त्यात बुडतात. प्रत्येक जोडणीमागे ‘जो हे जाणतो त्याला अमुक मिळतं’ अशी फलश्रुतीही आहे. स्वप्नाच्या मंत्रात तर, त्याच्या कुळात ब्रह्म न जाणणारा जन्मत नाही, असं आश्वासन आहे. सातव्या मंत्राच्या नकारांशेजारी ही घरगुती इच्छा वाचली की ब्राह्मणग्रंथांची भाषा अजून किती जवळ होती हे कळतं.

शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या भाष्यात चार पादांबद्दल एक छान खुलासा आहे: हे पाद गाईच्या पायांसारखे नव्हेत, कार्षापण नाण्याच्या भागांसारखे आहेत. गाईचा चौथा पाय पहिल्या तिघांसारखाच एक. नाण्याचं तसं नसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर पावली अधेलीत येते, अधेली बारा आण्यांत, आणि सोळा आणे म्हटले की निराळी चौथी पावली शोधायची नसते, तो अख्खा रुपयाच असतो.

आता परत शब्दाकडे. विधुशेखर भट्टाचार्यांनी १९४३ साली गौडपादांच्या ग्रंथाची आवृत्ती काढली आणि उलटा क्रम मांडला: कारिका आधी, उपनिषदाचं गद्य नंतर. त्यांची दोन कारणं मला वजनदार वाटतात. वैश्वानराची सात अंगं, एकोणीस मुखं असे अवघड शब्द गद्यात आहेत, पण कारिका ते समजावून सांगतच नाहीत. टीका असती तर सांगितले असते. आणि कारिकांच्या आधी ‘इथे हे श्लोक आहेत’ अशा अर्थाचं जे वाक्य येतं, तसंच जुन्या उपनिषदांत गद्य आधीच्या श्लोकांचा आधार घेताना येतं. शिवाय शंकराचार्यांचं ब्रह्मसूत्रभाष्य कारिकांचा आधार घेतं, तोही संप्रदाय जाणणाऱ्याचं वचन म्हणून. मांडूक्याचं नाव घेत नाही. भांडारकर संस्थेने १९५३ साली रघुनाथ दामोदर करमरकरांची आवृत्ती प्रसिद्ध केली. गौडपादांवर बौद्धांचा प्रभाव किती, यावर ती भट्टाचार्यांशी वाद घालते. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

माझा कल गद्य आधी असण्याकडे आहे, आणि त्याचं कारण त्या बाईंचा प्रश्न. गद्यात ‘चतुर्थ’, कारिकांत ‘तुर्य’ आणि ‘तुरीय’. गद्यात जागृतीचा आत्मा ‘वैश्वानर’, कारिकांत ‘विश्व’. कारिका समोर ठेवून कोणी गद्य रचलं असतं, तर स्थिरावलेली नावं टाकून साधं क्रमवाचक ‘चतुर्थ’ कशाला घेतलं असतं? अर्थात हा पुरावा एकहाती नाही. छंदात बसावं म्हणून आखूड ‘विश्व’ आणि ‘तुर्य’ आले असं म्हणता येतं, आणि जुनं वाटावं म्हणून नंतरच्या माणसाने मुद्दाम ‘वैश्वानर’ वापरला असंही. ‘विश्व’च्या बाबतीत छंदाचं कारण मला पटतं. ‘चतुर्थ’ला जुनेपणाचा काही थाट नाही, म्हणून तिथे दुसरं कारण लागू पडत नाही असं वाटतं.

शब्द कुठे आहे आणि कुठे नाही हे पाहायला कर्नल जेकब यांचा १८९१ साली मुंबईत छापलेला उपनिषद्वाक्यकोश आजही उपयोगी आहे. तो हाताशी ठेवून मी माझं प्रकरण पुन्हा तपासलं. मंत्रांबद्दल बोलताना लिहिलेलं ‘तुरीय’ अकरा ठिकाणी खोडून ‘चतुर्थ’ केलं. कारिकांच्या भागातलं तसंच ठेवलंय.