अठ्ठेचाळीस की शेहेचाळीस?

पेंटरच्या १९२३च्या मोजणीपासून माणसाची गुणसूत्रे ४८ मानली जात. ती एकमेकांवर चढलेली. नीट मोजणार कशी? १९५२मध्ये टी. सी. शू यांच्या पेशी चुकून पातळ क्षारद्रावात धुतल्या गेल्या. पाणी पिऊन त्या फुगल्या, गुणसूत्रे सुटी झाली. तरी शूंनी ४८च लिहिले! हजेरीपट बघून फलटण मोजावी, तसे.

१९५५अखेर स्वीडनमध्ये त्जिओंनी कोल्चिसिनने विभाजन मध्यावस्थेत रोखून मोजले: ४६. म्हणूनच पुढे पॅरिसमध्ये डाउन संलक्षणाच्या मुलांत मार्थ गोतिएंना ४७ दिसली, तेव्हा एक जादा आहे हे कळले. आता रक्तातल्या लिम्फोसाइट वाढवून, पट्टे रंगवून ते एकविसावेच का, हे पाहतात. काचेवर पेशी फुटून एखादे गुणसूत्र निसटते, म्हणून साधारण २० पेशी मोजतात.