सलूनच्या एका ग्राहकाचे मोल किती? जाहिरातखर्च ठरवण्याचा हिशेब

सलूनमध्ये येणारा ग्राहक पहिल्या भेटीपासून येणे थांबवीपर्यंत व्यवसायाला एकूण जो नफा मिळवून देतो, त्याला ग्राहकाचे ‘आजीवन मूल्य’ म्हणतात. नवा ग्राहक मिळवण्यासाठी किती खर्च परवडतो, हे या आकड्यावरून ठरते. हा आकडा काढताना बहुतेक मालक दोन चुका करतात. पहिली, नफ्याऐवजी बिलाची रक्कम धरणे. दुसरी, वर्षानुवर्षे येणाऱ्या जुन्या ग्राहकांकडे पाहून सगळ्यांचा अंदाज बांधणे. या दोन चुकांमुळे मूल्य अनेक पटींनी फुगते आणि जाहिरातीवर गेलेला पैसा परत येत नाही.

उदाहरणादाखल म्हापशातील तीन खुर्च्यांचे, महिलांसाठीचे एक काल्पनिक सलून घेऊ. तेथे सरासरी बिल ६०० रुपयांचे आहे आणि नियमित ग्राहक वर्षातून ८ वेळा येते. मालकीणबाईंचा तोंडी हिशेब असा : ६०० गुणिले ८, आणि ग्राहक पाच वर्षे टिकते, म्हणजे २४ हजार रुपये. मग एका नव्या ग्राहकासाठी दोन हजार खर्च झाले तर बिघडले कुठे?

एका भेटीमागे खरोखर उरते किती?

६०० रुपयांच्या कामाला रंग, क्रीम, शाम्पू असे साहित्य सुमारे ९० रुपयांचे लागते. काम करणाऱ्या मुलीचे कमिशन १२० रुपये. टॉवेलची धुलाई, एकदाच वापरायच्या वस्तू आणि चहापाणी यांचे ३० रुपये. हे २४० रुपये वजा केल्यावर ३६० रुपये उरतात. भाडे, वीज आणि ठरलेले पगार येथे वजा करायचे नाहीत. कारण एक ग्राहक वाढल्याने ते वाढत नाहीत. ते पुढे या ३६० रुपयांतूनच भागवायचे असतात.

जीएसटीसाठी नोंदणी असलेल्या सलूनने बिलातील कर उत्पन्नात धरू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून सेवांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. मात्र त्याबरोबर साहित्यावर भरलेल्या कराची वजावट बंद झाली. म्हणून साहित्याची किंमत करासह धरली पाहिजे.

वहीतून निघणारे खरे उत्तर

ग्राहक किती काळ टिकते, हे आठवणीवर सोडू नये. आपल्या डोळ्यांसमोर टिकलेल्याच ग्राहक असतात. एकदा येऊन गेलेल्यांचे चेहरेही लक्षात राहत नाहीत. त्यासाठी दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या तिमाहीत पहिल्यांदाच आलेल्या सर्व ग्राहकांची यादी काढावी आणि प्रत्येकीच्या पुढील दोन वर्षांतील भेटी मोजाव्यात. नावे सारखी असतात, म्हणून ओळख मोबाइल क्रमांकावरून ठेवावी. दर सहा-सात आठवड्यांनी येणारी ग्राहक चार महिने फिरकली नाही, तर ती गेली असे धरावे. नाताळात गावी येणाऱ्या परदेशस्थ गोमंतकीयांना मात्र हा नियम लागू नाही. त्यांची नोंद वेगळी ठेवावी. पर्यटकांचे आणि नववधूच्या सजावटीचे बिलही या यादीत मिसळू नये. ते एकदाच येणारे मोठे उत्पन्न असते आणि सरासरी बिघडवते.

आपल्या सलूनच्या यादीत अशा ५० नव्या ग्राहक निघाल्या, असे समजू. त्यांतील २८ जणी पहिल्या भेटीनंतर परत आल्याच नाहीत. उरलेल्या २२ पैकी ६ जणी पहिल्या वर्षात थांबल्या. त्यांच्या सरासरी ४ भेटी झाल्या. ५ जणी दुसऱ्या वर्षात थांबल्या. त्यांच्या सरासरी ११ भेटी झाल्या. ११ जणी दोन्ही वर्षे येत राहिल्या. त्यांच्या प्रत्येकी १६ भेटी भरल्या. अनुक्रमे २८, २४, ५५ आणि १७६ मिळून एकूण भेटी २८३. त्यांना ५० ने भागले की दरडोई सुमारे ५.७ भेटी येतात. प्रत्येक भेटीचे ३६० रुपये धरले तर एका नव्या ग्राहकाचे मूल्य सुमारे २,०४० रुपये होते. तोंडी हिशेबातील २४ हजार कुठे आणि हे दोन हजार कुठे!

दोन वर्षांनंतरही त्या ११ जणींपैकी काही येत राहतील, हे खरे. पण सलूनमध्ये ग्राहक अनेकदा दुकानाशी नव्हे, तर काम करणाऱ्या हाताशी बांधलेली असते. ती मुलगी दुसरीकडे गेली की तिच्या ग्राहकही जातात. म्हणून छोट्या सलूनने दोन वर्षांपलीकडचा नफा खर्चाच्या आधाराला घेऊ नये.

मर्यादा कशी ठरवावी?

व्यवहारात आजीवन मूल्याच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक खर्च करू नये, असा संकेत आहे. येथे ती मर्यादा ६८० रुपये येते. उरलेल्या दोन भागांतून भाडे, पगार आणि मालकिणीचा मोबदला निघायचा असतो. भाडे जड असेल तर ही मर्यादा आणखी खाली आणावी.

आता समजा, इन्स्टाग्रामवरील जाहिरातीला ६,००० रुपये लागले आणि पहिल्या भेटीत निम्म्या दराची सवलत दिल्यावर २० जणी आल्या. वरवर पाहता खर्च दरडोई ३०० रुपये. पण सोडून दिलेले ३०० रुपयेही खर्चच आहेत. म्हणजे खरा खर्च ६०० रुपये. तोही मर्यादेत बसतो असे वाटेल. परंतु सवलतीसाठी आलेल्या या २० पैकी केवळ ३ जणी परतल्या, तर काय होईल? आधीच्या यादीत परतणाऱ्या प्रत्येकीच्या सरासरी ११.६ भेटी झाल्या होत्या. तोच दर धरला तर २० जणींच्या मिळून सुमारे ५२ भेटी होतात, आणि दरडोई मूल्य ९३६ रुपयांवर घसरते. त्याचा तिसरा हिस्सा ३१२ रुपये. म्हणजे खर्च मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट झाला.

याउलट, जुन्या ग्राहकाने मैत्रिणीला आणल्यास दोघींना प्रत्येकी २०० रुपयांची सूट दिली, तर खर्च ४०० रुपये येतो. अशा २० पैकी १२ जणी परतल्या, तर मूल्य सुमारे २,६५० रुपये आणि मर्यादा ८८० रुपयांच्या आसपास जाते. म्हणून वहीत मोबाइल क्रमांक, तारीख आणि बिल यांच्याबरोबर ‘कुठून कळले’ हा चौथा रकाना हवाच. सर्व मार्गांची एकच सरासरी काढली, तर चांगला मार्ग वाईटाचे नुकसान झाकतो.

हिशेब कुठे अपुरा पडतो?

हे गणित खुर्ची रिकामी असताना खरे ठरते. शनिवारी सगळ्या खुर्च्या भरलेल्या असतील, तर नव्या ग्राहकासाठी जुनीला थांबावे लागते आणि ती दुरावू शकते. त्यामुळे सवलत मंगळवार-बुधवारच्या दुपारीच द्यावी. दुसरे, ६०० रुपयांचा खर्च पहिल्या भेटीच्या ३६० रुपयांतून भरून निघत नाही. दुसरी भेट व्हावी लागते, आणि ती ५० पैकी २२ जणींचीच होते. हातातील रोकड तोवर पुरत नसेल, तर मर्यादेत बसणारा खर्चही टाळावा.

शेवटी हाच तक्ता उलट बाजूनेही वाचावा. परतणाऱ्यांची संख्या २२ ऐवजी २७ झाली, तर त्या पाच जणींच्या सुमारे ५३ भेटी वाढतात आणि सलूनला १९ हजार रुपये अधिक मिळतात. पहिल्या भेटीच्या शेवटीच पुढची तारीख लिहून घेणे आणि सहा आठवड्यांनी एक फोन करणे, एवढ्याने ते साधते का, हे आधी तपासावे. ५० पैकी २८ जणी परत का आल्या नाहीत, याचे उत्तर मिळेपर्यंत नव्या जाहिरातीचा पैसा गळक्या घागरीत ओतल्यासारखा ठरतो.