'नंतर'चं 'पलीकडे' कसं झालं

२८ ऑक्टोबर २०२१. फेसबुकचा 'कनेक्ट' हा वार्षिक कार्यक्रम त्या वर्षी पडद्यावरच झाला. तासाभराहून जास्त वेळ मार्क झुकेरबर्ग आभासी दिवाणखाने, आभासी बैठका आणि आभासी खेळ दाखवत होते. कंपनीचं नवं नाव त्यांनी अगदी शेवटासाठी राखून ठेवलं होतं: मेटा.

नाव बदलण्याचं त्यांनी दिलेलं कारण सरळ होतं. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि डोळ्यांवर चढवायची उपकरणं अशी सगळी कामं कंपनी करत होती, पण तिचं नाव मात्र एकाच ॲपला बांधलेलं होतं. यापुढे आधी मेटाव्हर्स, मग फेसबुक, असं त्यांनी जाहीर केलं. मग ते शब्दाच्या कुळाकडे वळले. आपण पूर्वी ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्य शिकलो आहोत, 'मेटा' हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ 'पलीकडे', असं त्यांनी सांगितलं. बांधण्यासारखं नेहमीच आणखी काहीतरी उरतं, हे या नावातून त्यांना सुचवायचं होतं.

ही व्युत्पत्ती भाषणात शोभली. पण एखाद्या ग्रीक पंडिताने ती ऐकताना भुवई नक्की उंचावली असेल.

प्राचीन ग्रीकमध्ये 'मेटा' हे शब्दयोगी अव्यय आहे आणि पुढच्या नामाच्या विभक्तीप्रमाणे त्याचा अर्थ बदलतो. षष्ठीसोबत आलं तर अर्थ 'सह', द्वितीयेसोबत आलं तर 'नंतर'. समासात ते बरेचदा बदल किंवा स्थलांतर दाखवतं. 'मेटामॉर्फोसिस' म्हणजे रूप पालटणं, 'मेटाफर' म्हणजे अर्थ इकडून तिकडे वाहून नेणं. अथेन्सच्या रस्त्यांवर सामान वाहणाऱ्या ट्रकांवर आजही 'मेताफोरेस' असं लिहिलेलं दिसतं. तिथे त्याचा अर्थ रूपक नसून निव्वळ मालवाहतूक.

मग 'पलीकडे' आलं कुठून? पुस्तकांच्या क्रमातून!

ॲरिस्टॉटलचं लेखन एकत्र लावण्याचं श्रेय परंपरेने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या ऱ्होड्सच्या अँड्रोनिकसला दिलं जातं. निसर्गाविषयीचे ग्रंथ, म्हणजे 'फिजिका', एकीकडे लागले. त्यांच्यानंतर ठेवलेल्या ग्रंथांत अस्तित्व म्हणजे काय, मूळ कारण कोणतं, असे प्रश्न होते. ॲरिस्टॉटल त्या विषयाला 'प्रथम तत्त्वज्ञान' म्हणत असे, पण नाव पडलं 'ता मेटा ता फिजिका', शब्दशः 'फिजिकानंतरचे'. क्रमाची खूण तेवढी. निदान प्रचलित कथा तरी अशी आहे. ते केवळ क्रमदर्शक नाव नव्हतं, असं मानणारे अभ्यासकही आहेत. पुढच्या पिढ्यांनी मात्र ग्रंथांतला मजकूर पाहून नावाचा अर्थ लावला: भौतिकानंतरचं म्हणजे भौतिकापलीकडचं. 'मेटाफिजिक्स'मधून 'मेटा'ला हे नवं वजन आलं. विसाव्या शतकात त्याच्या जोरावर 'मेटालँग्वेज' आणि 'मेटाडेटा' हे शब्द घडले. त्यांत 'मेटा'चा अर्थ आणखी सरकून 'त्याविषयीचं' असा झाला: भाषेविषयीची भाषा, माहितीविषयीची माहिती.

कंपनीचा रोख असलेला 'मेटाव्हर्स' तर कादंबरीतला शब्द आहे. नील स्टीफन्सन यांच्या १९९२च्या 'स्नो क्रॅश'मध्ये तो आला. त्या कादंबरीतलं जग फारसं हेवा वाटण्याजोगं नाही. भाषणात ॲरिस्टॉटलही नव्हता आणि स्टीफन्सनही नव्हते. दोन अक्षरांच्या मुळाशी एवढं सगळं असताना एक ग्रीक शब्द आणि एक अर्थ सांगून काम भागलं. कंपनीच्या भाषणात व्युत्पत्तीकडून यापेक्षा जास्त अपेक्षा कोणी करत नाही, हेही खरंच.

परभाषेत शब्द काय करील, हा धोका प्रत्येक नव्या नावाला असतो. हिब्रूत 'मेटा' हा उच्चार 'मेलेली' या स्त्रीलिंगी शब्दासारखा लागतो, त्यामुळे इस्रायलमध्ये लगेच थट्टा सुरू झाली. मराठी कानाला मात्र 'मेटाकुटीला येणे' आठवलं असेल. टीकाकारांना तर वेगळंच दिसत होतं: फ्रान्सिस हॉगन यांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर काढून अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, त्याला महिनाही झाला नव्हता. त्या गदारोळावर पांघरूण घालण्यासाठी नाव बदललं, असा आरोप झाला. झुकेरबर्ग यांनी तो नाकारला.

नाव जाहीर झालं तरी शेअर बाजारातली खूण लगेच बदलली नाही. आधी 'MVRS' ठरली होती, पण ती कधी वापरात आलीच नाही. ९ जून २०२२ रोजी 'FB' जाऊन 'META' आली. त्या वर्षी मेटाव्हर्सचं काम पाहणाऱ्या रिॲलिटी लॅब्स विभागाचा तोटा सुमारे १,३७० कोटी डॉलर झाला, आणि पुढच्या वर्षी तो आणखी वाढला. आजच्या ग्रीसमध्ये एखादं काम कधी करणार असं विचारल्यावर उत्तर 'मेता' आलं, तर त्याचा अर्थ एवढाच: नंतर.