बदली तास नेहमी मलाच का? स्टाफ रूममधला वाद मिटवणारी वही

एखादे शिक्षक रजेवर गेले की त्यांच्या वर्गावर दुसऱ्या कुणाला तरी जावं लागतं. हाच बदली तास. वेळापत्रक सांभाळणारे शिक्षक बहुतेकदा समोर दिसेल त्याला पाठवतात. त्यामुळे स्टाफ रूममध्ये वह्या तपासत बसणारा अडकतो, लायब्ररीत गेलेला सुटतो. भांडणाची सुरुवात इथूनच होते.

यादीप्रमाणे पाळी लावली तर? ज्याची पाळी आहे, त्याचा त्या वेळी स्वतःचाच तास असू शकतो. मग पाळी पुढे सरकते आणि तो सुटतो.

म्हणून साधा नियम असा: त्या तासाला मोकळे असलेल्यांपैकी ज्याचे बदली तास सर्वांत कमी, तो जाईल. आकडे सारखे असतील, तर ज्याचा शेवटचा बदली तास जास्त जुना, तो जाईल.

समजा, मंगळवारी तिसऱ्या तासाला तिघं मोकळे आहेत. गणिताच्या सरांचे 5 बदली तास झालेत, मराठीच्या बाईंचे 3 आणि भूगोलाच्या सरांचेही 3. बाई कालच गेल्या होत्या, भूगोलाचे सर गेल्या आठवड्यात. म्हणून आज भूगोलाचे सर जातील.

एक अडचण उरते. लांबच्या रजेवरून परतलेल्याचा आकडा सर्वांत कमी असतो, त्यामुळे रोज त्यालाच जावं लागेल. त्याचा आकडा परतल्या दिवशी सगळ्यांच्या सरासरीवर आणायचा.

आणि ही वही कपाटात नको, सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर हवी.