करारातील वस्तू की नुकसानभरपाई : न्यायालय केव्हा काय देते?

भिलाई : पोलादनगरी भिलाईतील एखाद्या फॅब्रिकेशन कारखानदाराने व्यापाऱ्याशी २० टन लोखंडी अँगल ६० हजार रुपये टन दराने घेण्याचा करार केला आणि भाव चढताच व्यापाऱ्याने माल देण्यास नकार दिला, असे समजू. कारखानदाराला न्यायालयाकडून मालच मागता येईल, की फक्त पैसे?

ठरलेले कामच करण्यास पक्षकाराला भाग पाडण्याच्या आदेशास ‘विशिष्ट पूर्तता’ म्हणतात. स्पेसिफिक रिलीफ कायदा, १९६३ नुसार हा आदेश पूर्वी न्यायालयाच्या विवेकाधीन होता. बाजारात सहज मिळणाऱ्या मालाची हानी पैशाने भरून निघते, जमिनीची निघत नाही, असे गृहीतक त्यामागे होते. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा विवेकाधिकार बराच आकुंचित केला. आता कायद्यातील अपवाद वगळता विशिष्ट पूर्तता हा नियम झाला आहे.

तरीही अशा मालाच्या बाबतीत नुकसानभरपाईचाच मार्ग बहुधा सोयीचा ठरतो, कारण दाव्याच्या निकालापर्यंत कारखाना थांबू शकत नाही. कलम २० नुसार कारखानदाराने किमान ३० दिवसांची लेखी नोटीस द्यावी. त्या मुदतीतही माल न मिळाल्यास तो अन्यत्र घेऊन झालेला खर्च व्यापाऱ्याकडून वसूल करता येतो. नवा दर ६६ हजार असल्यास फरक टनामागे ६ हजार, म्हणजे एकूण १ लाख २० हजार रुपये होतो. नोटीस न देता घाईने खरेदी केल्यास या कलमाखालील वसुलीचा हक्क राहत नाही. तसेच पर्यायी खरेदी झाल्यावर मूळ व्यापाऱ्याकडून माल मागता येत नाही. भरपाईचा दावा मात्र करता येतो.

कलम १४ मध्ये इतर अपवाद आहेत. पक्षकाराच्या वैयक्तिक कौशल्यावर अवलंबून असलेले काम, न्यायालयाला देखरेख ठेवता येणार नाही असे अखंड कर्तव्य, आणि मुळातच संपुष्टात आणता येण्याजोगा करार, यांची सक्तीने पूर्तता करून घेता येत नाही. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या प्रकरणात वितरण करार ३० दिवसांच्या नोटिशीने संपवता येत होता. त्यामुळे वितरकाला एजन्सी परत न देता केवळ त्या ३० दिवसांच्या कमाईइतकी भरपाई देणे योग्य, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

करार घराचा असेल, तर खरेदीदाराने घर मागावे. मात्र उरलेली रक्कम देण्याची आपली तयारी व इच्छा सातत्याने होती, हे कलम १६ नुसार त्याने सिद्ध केले पाहिजे. बँक खात्यातील शिल्लक, कर्जमंजुरीचे पत्र आणि विक्रेत्याला वेळीच पाठवलेली नोटीस यांवरून ते दिसते. हे सिद्ध न झाल्यास घर हातचे जाऊ शकते. म्हणून बयाण्याच्या परताव्याची पर्यायी मागणी दाव्यातच नमूद करावी. कलम २२ नुसार ती मागितल्याखेरीज मिळत नाही. पूर्ततेच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असून, करारात पूर्ततेची तारीख ठरलेली असल्यास ती त्या तारखेपासून मोजली जाते.